चिऱ्याच्या भिंतीवर घडीचं जेवणाचं टेबल: ब्रॅकेट कुठे लावावेत, गुडघे कुठे मावतील

प्रश्न: रत्नागिरीत समुद्राजवळ छोटा फ्लॅट आहे. हॉलच्या साडेनऊ फुटी भिंतीवर 4 फूट बाय 18 इंच असं घडीचं टेबल करायचंय. जेवणारे आम्ही दोघं आणि सासूबाई. 16 इंची फोल्डिंग ब्रॅकेटच्या जोडीवर '150 किलो' लिहिलंय. भिंत जांभ्याची, वरून गिलावा. शेजाऱ्यांचं असंच टेबल सहा महिन्यांत डुगडुगायला लागलं आणि बसलं की ब्रॅकेट गुडघ्याला लागतो. आमचं नीट होईल का? उंची ओट्याएवढी ठेवावी का?

उत्तर:

होईल. पण त्या 150 किलोंकडे पाहून काही ठरवू नका. तो आकडा ब्रॅकेटच्या पत्र्याचा आहे, तुमच्या भिंतीचा नाही. घडीचं टेबल पडतं किंवा लुळं होतं तेव्हा ब्रॅकेट मोडलेला मी क्वचितच पाहिलाय. बहुतेक वेळा ब्रॅकेट धडधाकट असतो आणि त्याचे वरचे दोन स्क्रू भिंतीतून लाल भुकटीसकट बाहेर आलेले असतात.

टेबलावर पडणारं खरं वजन कोणतं, ते आधी पाहू. ताटं, पातेली, पाण्याचा तांब्या हे सगळं मिळून फार तर 7-8 किलो. 19 मिलिमीटरच्या प्लायची 4 फुटी फळी, वर-खाली लॅमिनेट धरून, 8-9 किलो. हे दोन्ही मिळून 16 धरा. याने काहीच बिघडत नाही. बिघडतं ते जेवण झाल्यावर. सासूबाई खुर्चीतून उठताना दोन्ही तळवे टेबलाच्या पुढच्या कडेवर टेकवणार आणि अंग वर उचलणार. वयस्कर माणूस तसंच उठतं, त्यांना नको म्हणून सांगण्यात अर्थ नाही. त्या क्षणी कडेवर सहज 25-30 किलोंचा दाब येतो, आणि तोही भिंतीपासून सगळ्यात लांब. टेबल या एका क्षणासाठी बांधायचं.

हा दाब भिंतीवर काय करतो, त्याचा हिशेब सोपा आहे. ब्रॅकेटची उभी पट्टी खालच्या टोकाशी भिंतीला टेकते आणि वरच्या स्क्रूंना बाहेर खेचते, पहारीने चिरा उचकटावा तसं. 16 इंची ब्रॅकेटची उभी पट्टी साधारण 6-7 इंचांची असते (तुमची मोजून घ्या), म्हणजे वरच्या स्क्रूपासून खालच्या टेकूपर्यंत 6 इंच धरू. सासूबाई मधोमध बसल्या तर 30 किलोंपैकी 15 एका ब्रॅकेटवर, 18 इंचांवर: 270. फळी-भांड्यांचे 8 किलो 9 इंचांवर: 72. बेरीज 342, भागिले 6, म्हणजे एका ब्रॅकेटच्या वरच्या स्क्रूंवर 57 किलोंची ओढ. कुणी धपकन रेललं किंवा पोर चढून बसलं तर याच्या दुप्पट धरायची. म्हणजे एकशे पंधराच्या आसपास, आणि हे सगळं दोन स्क्रूंवर.

सिमेंट काँक्रीटच्या कॉलमवर साधा 8 मिलिमीटरचा अँकर फास्टनर ही ओढ निवांत घेतो. जांभ्यात तसं होत नाही. जांभ्याचा चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागून कडक होतो, पण तो कडकपणा सगळीकडे सारखा नसतो. आत पोकळ्या असतात आणि त्यांत पिवळट माती भरलेली असते. फास्टनर आवळताना तो आतून फुगून भोकाच्या कडा दाबतो, आणि तिथेच चिरा चुरतो. पहिल्या दिवशी घट्ट वाटतं. मग रोजच्या उघड-मिटीने भोक थोडं थोडं वाढत जातं. साध्या प्लास्टिकच्या रावल प्लगची तर गोष्टच सोडा, त्याची निम्मी लांबी गिलाव्यातच जाते, आणि गिलावा ओढ धरत नाही.

भिंत खरोखर कशाची आहे, ते भोक पाडतानाच कळतं. बिट आत जाताना खाली पांढरा कागद धरा आणि पडणारी भुकटी बघत राहा. आधी रंग-पुट्टीची पांढरी, मग गिलाव्याची करडी, आणि मग तांबूस-पिवळी, मध्ये काळसर कण असलेली आली की चिरा लागला. करडी काही संपतच नाही असं झालं तर तुम्ही दोन चिऱ्यांमधल्या दर्जेत किंवा काँक्रीटमध्ये आहात. काँक्रीटमध्ये बिट मुंगीच्या गतीने सरकतं आणि हाताला धक्के बसतात, दर्जेत भसकन जातं. दर्जेत असाल तर भोक बुजवा आणि दोन-तीन इंच सरका. नवीन इमारतींमध्ये आतल्या भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात. तिथे पिठासारखी पांढरट-करडी भुकटी येते आणि त्या भिंतीचा इलाज वेगळा: भिंतीतून आरपार बोल्ट आणि मागच्या बाजूला पट्टी. भोक पाडण्याआधी जवळच्या स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली वायर नाही ना, एवढं मात्र पाहा.

आता मूळ उपाय. ब्रॅकेट थेट भिंतीवर लावायचाच नाही. प्रत्येक ब्रॅकेटमागे एक उभी लाकडी पट्टी घ्यायची: 3 इंच रुंद, दीड इंच जाड, 15 इंच लांब. सागाची उत्तम, जुन्या फणसाची मिळाली तरी छान, पण वाळलेली हवी. ही पट्टी टेबलाच्या पातळीपासून खाली येते. भिंतीतले वरचे अँकर तिच्या वरच्या टोकाजवळ येतात आणि पट्टी भिंतीला टेकते ती थेट खालच्या टोकाशी. म्हणजे 6 इंचांऐवजी जवळजवळ 12 इंचांचा तरफेचा हात मिळाला. टेबल दीड इंच पुढे सरकतं ते धरूनही हिशेब असा: 15 गुणिले 19.5 अधिक 8 गुणिले 10.5, म्हणजे साधारण 376, भागिले 12, म्हणजे 31 किलो. ओढ 57 वरून 31 वर आली. शिवाय ब्रॅकेटचे सगळे स्क्रू आता घट्ट लाकडात आहेत. ते कधी ढिले झालेच तर कोणताही सुतार अर्ध्या तासात नीट करतो, भिंत पुन्हा उकरावी लागत नाही.

ही पट्टी चिऱ्यात केमिकल अँकरने बसवा. बंदुकीच्या ट्यूबमधून येणारं राळेसारखं मिश्रण आणि त्यात 10 मिलिमीटरची आटे असलेली एसएसची, म्हणजे स्टेनलेस स्टीलची सळी. एका पट्टीला तीन पुरतात: दोन वरच्या टोकाजवळ थोड्या अंतराने, एक खाली. भोक गिलावा सोडून चिऱ्यात निदान 3 इंच जायला हवं, म्हणजे एकूण 4 इंच. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवून भोक पाडा, हॅमरने तोंड फाकतं. जांभ्यात पोकळ्या असल्यामुळे जाळीची नळी आधी आत घालायची, नाहीतर निम्मी ट्यूब भिंतीच्या पोटात जाते आणि सळीभोवती काहीच राहत नाही. भोकाचा व्यास त्या नळीच्या मापाने घ्या, सळीच्या नाही.

सगळ्यात जास्त चालढकल होते ती भोक साफ करण्यात. आत ब्रश फिरवा, पंपाने फुंका, पुन्हा ब्रश, पुन्हा फुंका. भुकटी उडायची थांबली की पुरे. जांभ्याची भुकटी मैद्यासारखी बारीक असते आणि तिचा थर राहिला की मिश्रण चिऱ्याला नाही, त्या थराला चिकटतं. आणि हे काम पावसाळ्यात काढू नका. पश्चिमेची भिंत जून ते सप्टेंबर आतून ओली असते, भोकातली भुकटी चिखल होऊन बसते. दिवाळीनंतर करा. घाईच असेल तर ओल्या भोकात चालणारी ट्यूब मागून घ्या, पाठीवर तसं छापलेलं असतं. भरल्यावर त्या दिवशी हात लावायचा नाही, दुसऱ्या दिवशी नट आवळायचे.

आता गुडघे. शेजाऱ्यांकडे काय झालंय, ते न पाहता सांगतो. चार फुटांत दोन ब्रॅकेट 'शोभेल असे' टोकांपासून 9-10 इंच आत लावले असतील आणि दोघं भिंतीकडे तोंड करून बसत असतील. तसं बसल्यावर प्रत्येकाचा मध्य टोकापासून 12 इंचांवर येतो, म्हणजे ब्रॅकेट बरोबर एका गुडघ्यासमोर. ब्रॅकेटचा तिरका हात भिंतीपाशी सगळ्यात खाली उतरलेला असतो, आणि 18 इंच खोल टेबलाखाली माणसाचे गुडघे कडेपासून साधारण 12 इंच आत जातात. आणखी थोडं पुढे सरकलं की खटकन लागतं. उंचीला दोष नाही, जागा चुकलीय.

तुम्ही तिघं आहात, म्हणून बसायची रचना आधी ठरवू. तिघंही भिंतीकडे तोंड करून बसले तर माणशी 16 इंच येतात, कोपराला कोपर लागतो. त्यापेक्षा सासूबाईंना मधोमध, भिंतीकडे तोंड करून बसवा आणि तुम्ही दोघं दोन टोकांना, समोरासमोर. तुमच्या भिंतीची लांबी साडेनऊ फूट आहे म्हणून हे जमतं. टेबलाचे 4 फूट, आणि प्रत्येक टोकाला खुर्चीसाठी दोन ते अडीच फूट. आता डाव्या टोकापासून मोजा. टोकाला बसणाऱ्याचे गुडघे आत 12 इंचांपर्यंत येतात. सासूबाईंचा मध्य 24 वर, त्यांचे गुडघे 17 ते 31 च्या दरम्यान. म्हणजे 12 आणि 17 यांच्या मध्ये, आणि पलीकडे 31 आणि 36 यांच्या मध्ये, अशा दोन जागा आहेत जिथे कुणाचाच गुडघा नाही. ब्रॅकेटचा मध्य डावीकडून साडेचौदा आणि साडेतेहेतीस इंचांवर घ्या. फळी लावण्याआधी भिंतीवर पेन्सिलने खुणा करा, खुर्च्या मांडा, तिघं बसून बघा. सासूबाई थोड्या जाड असतील तर खुणा एखाद इंच बाहेर सरकतील, एवढंच.

या रचनेत आणखी दोन फायदे होतात. उठताना दाब देणारी व्यक्ती दोन ब्रॅकेटच्या बरोबर मध्ये आहे, म्हणून ओढ दोन्हींवर सारखी वाटली जाते. वरचा सगळा हिशेब त्यावरच उभा आहे. दुसरा फायदा मिटताना कळतो. दोन्ही ब्रॅकेटचे खटके एकाच वेळी दाबावे लागतात, आणि ते 19 इंचांवर असतील तर एकटं माणूस फळीची कड पोटाशी टेकवून दोन्ही हातांनी दाबू शकतं. तेच टोकांना, साडेतीन फुटांवर लावले असते तर दर वेळी दुसऱ्याला हाक मारावी लागली असती, आणि असं टेबल महिन्याभरात कायमचं उघडंच राहतं. खटका दाबताना अंगठा दोन पट्ट्यांच्या मध्ये नको. या ब्रॅकेटची मिटताना कात्री होते.

तोटाही सांगतो. दोन्ही बाजूंना 14 इंच फळी अधांतरी राहते. टोकाला बसणाऱ्याने कोपर टेकवून गप्पा माराव्यात, हरकत नाही, पण कोपऱ्यावर बसायचं नाही. तिथला दाब जवळच्या ब्रॅकेटवर पावणेदोन पट होऊन येतो. लहान मुलं येत-जात असतील तर टेबल मिटूनच ठेवा.

उंची ओट्याएवढी नकोच. त्या उंचीला स्टूल लागतं, पाय लोंबकळतात, आणि सासूबाईंनी स्टुलावर चढून जेवायचं हे काही बरं नाही. जमिनीपासून फळीच्या वरच्या पातळीपर्यंत साडेएकोणतीस ते 30 इंच, खुर्चीची बैठक 17-18 इंच. प्लाय-लॅमिनेटची जाडी वजा जाता फळीखाली 29 इंच उरतात, बैठकीपासून 11. मांडीला 6 लागतात, म्हणजे भरपूर. इथे एकच सांभाळा: फळी जाड दिसावी म्हणून सुतार पुढच्या कडेला खाली दीड-दोन इंचांची पट्टी मारतात. नेमकी मांडी जिथे आत शिरते तिथेच ती येते. 19 इंचांच्या अंतराला 19 मिलिमीटरचा प्लाय वाकत नाही, त्या पट्टीची गरजच नाही. कड साध्या लिपिंगने बंद करा.

फळी आयएस 710 च्या मरीन प्लायची घ्या, समुद्राकाठी तिथे काटकसर नको. फणसाची अखंड फळी दिसते सुंदर, आणि कोकणात ती करून घ्यायचा मोह होणारच, पण 18 इंच रुंद अखंड लाकूड पावसात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि दोन ब्रॅकेटवर घट्ट धरलेलं असलं की ते पन्हाळीसारखं वाकतं. मग एका बाजूचा खटका लागेनासा होतो. ब्रॅकेट फळीला स्क्रूने जोडू नका. 19 मिलिमीटरच्या फळीत 16 मिलिमीटरचाच स्क्रू चालतो, आणि टेबल मिटलेलं असताना फळी तासन्‌तास त्याच स्क्रूंवर लटकते. वरून 6 मिलिमीटरचे चपट्या डोक्याचे बोल्ट आरपार घाला, डोकं प्लायमध्ये बुडवा आणि मग वरचं लॅमिनेट चिकटवा. हा क्रम सुताराला आधी सांगावा लागतो, नंतर जमत नाही.

गंजाचं थोडक्यात. पावडर कोटिंगचा लोखंडी ब्रॅकेट सांध्याच्या पिनेपाशी घासून उघडा पडतो आणि मांडवीसारख्या किनाऱ्यालगतच्या भागात दुसऱ्या पावसाळ्यात तिथून तांबडं पाणी गळायला लागतं. एसएस 304 घ्या. त्यावरही खाऱ्या हवेने चहासारखे डाग पडतील, ते वरवरचे असतात, महिन्याकाठी ओल्या फडक्याने पुसले की झालं. दुकानदार लोहचुंबक लावून 'बघा, चिकटत नाही' म्हणेल. त्याने 304 सिद्ध होत नाही, स्वस्तातलं 202 ही चिकटत नाही. बिलावर 304 लिहून घ्या. आणि खटक्याच्या आतली स्प्रिंग बघा. अंग स्टेनलेस आणि स्प्रिंग साधी, असा माल पुष्कळ येतो. तिच्यावर दोन-तीन महिन्यांनी शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडत जा.

बसवताना दोन्ही पट्ट्या पाण्याच्या नळीने एका पातळीत घ्या आणि समोरून दोरी ताणून एका रेषेतही. गिलावा कधीच सपाट नसतो. जी पट्टी आत गेली असेल तिच्यामागे पत्र्याच्या चकत्या भरा. दोन ब्रॅकेट एकमेकांपेक्षा दोन सूत मागे-पुढे असले तरी फळी उघडताना पीळ बसतो, एक खटका वाजतो आणि दुसरा नुसता अडकल्यासारखा राहतो. दोन्हीकडून 'टक्‌' आवाज आला पाहिजे. शेजाऱ्यांचं टेबल लागलीच तपासायचं असेल तर एकाने पुढची कड हळूहळू दाबावी आणि दुसऱ्याने ब्रॅकेटच्या वरच्या टोकाशी, भिंत आणि ब्रॅकेटच्या उभ्या पट्टीमधल्या फटीवर बोट ठेवावं. फट उघडझाप करत असेल तर भिंतीतले स्क्रू गेले. फट स्थिर आणि कड हलते, तर सांध्यात खेळ आलाय: तो ब्रॅकेट बदलायचा, आवळून काही होत नाही.

पट्ट्यांमुळे फळी आणि भिंतीत दीड-दोन इंचांची फट राहते आणि शितं तिथून खाली पडतात. पट्ट्यांच्या डोक्यावर तेवढ्याच रुंदीची एक फळी पक्की मारा, वर मीठ-लोणच्याच्या बरण्या राहतील. हलत्या फळीशी तिचं अंतर मात्र आधी पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून ठरवा, कारण मिटताना मागची कड वर उचलते की आत वळते, ते ब्रॅकेटगणिक बदलतं. मिटल्यावर सगळं मिळून भिंतीपासून 4 इंच पुढे येईल आणि फळीची खालची कड जमिनीपासून 11 इंचांवर राहील, केरसुणी खालून आरामात जाते.

जेवायला बसण्याआधी एक चाचणी. नट आवळण्याआधीच प्रत्येक पट्टीच्या वरच्या टोकामागे कागदाचं एक चिटोरं सरकवून ठेवा आणि आवळून झाल्यावर पट्टीच्या कडेने भिंतीवर बारीक पेन्सिलची रेघ मारा. पुढच्या कडेला, मधोमध, 20 लिटरचे दोन भरलेले पाण्याचे जार शेजारी-शेजारी ठेवून रात्रभर राहू द्या. सकाळी चिटोरं ओढून बघा. फाटतंय पण निघत नाही, रेघही जागच्या जागी, तर काम झालं. चिटोरं सहज सुटून आलं तर त्या भिंतीवर भरवसा ठेवू नका आणि आणखी अँकरही मारत बसू नका. फळीखाली, पुढच्या कडेपासून दोन इंच आत, दोन्ही ब्रॅकेटच्या समोर बिजागरीवर घडी होणारा एकेक लाकडी पाय लावा. ब्रॅकेटच्याच रेषेत असल्यामुळे तो गुडघ्यांच्या मध्ये येत नाही, आणि पुढची कड जमिनीवर टेकली की भिंतीवरची ओढ जवळजवळ संपते, तिला फक्त मागच्या कडेचं उभं वजन पेलायचं उरतं. तेवढं ढिसूळ चिराही पेलतो.